चारशे खरे श्रोते, सहा हजार खोटे

डिस्ट्रिब्युटरकडून येणारा ई-मेल सहसा चार-पाच ओळींचा असतो. तुमच्या अमुक गाण्यावर कृत्रिम स्ट्रीमिंग आढळलं आहे, त्या स्ट्रीमचे पैसे मिळणार नाहीत, दंडाची रक्कम खात्यातून वळती केली जाईल, आणि गाणं काढून टाकण्यात आलं आहे. हे कोणी केलं, कोणत्या तारखांना केलं, कुठल्या प्लेलिस्टमधून केलं, याबद्दल त्यात बहुतेक वेळा काहीच नसतं. घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करून, मिक्सिंगसाठी पैसे साठवून गाणं बाहेर काढणाऱ्या कलाकाराला हा ई-मेल चोरीच्या आळासारखा लागतो. यातल्या काहींनी खरोखरच पैसे देऊन स्ट्रीम विकत घेतलेले असतात. काहींनी घेतले असतात पण आपण तेच केलं हे त्यांना कळलेलं नसतं. आणि काहींनी काहीही केलेलं नसतं. नियम मात्र तिघांना एकच लागू होतो. तो तसा का आहे आणि तिसऱ्या प्रकारातल्या कलाकाराच्या हातात काय उरतं, हे समजून घ्यायला स्पॉटिफायचं उदाहरण घेऊ, कारण या बाबतीतले सर्वांत स्पष्ट नियम त्यांनीच जाहीर केले आहेत.

आधी पैशाचा मार्ग. एक स्ट्रीम म्हणजे अमुक पैसे, असा दर स्पॉटिफायवर ठरलेला नसतो. वर्गणीदारांकडून आणि जाहिरातींतून महिन्याला जमा होणाऱ्या रकमेचा ठरावीक भाग संगीताच्या हक्कदारांसाठी बाजूला निघतो आणि तो एकूण स्ट्रीमच्या प्रमाणात वाटला जातो. गाणं किमान 30 सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. वाटायची रक्कम ठरलेली असल्यामुळे खोटा स्ट्रीम स्पॉटिफायच्या खिशातून पैसे काढत नाही, दुसऱ्या कलाकारांच्या वाट्यातून काढतो. गावजेवणात खोटी पानं मांडून कोणी वाढून घेतलं, तर खऱ्या पंगतीला कमी पडतं, तसंच हे. म्हणून खोटे स्ट्रीम शोधून काढण्याला माझा विरोध नाही. शोधायलाच हवेत. फ्रान्समधल्या राष्ट्रीय संगीत केंद्रानं 2023 च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2021 मध्ये त्या एका देशातले एक ते तीन टक्के स्ट्रीम खोटे असल्याचं म्हटलं होतं. म्हणजे एक ते तीन अब्ज. तेही फक्त पकडले गेलेले.

खोटे स्ट्रीम कसे तयार होतात, याचा सर्वांत तपशीलवार हिशोब अमेरिकेतल्या एका खटल्यात आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या मायकेल स्मिथ या माणसावर 2024 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी आरोपपत्र ठेवलं. एक कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी त्यानं बनावट ऐकण्यांतून मिळवली, असा आरोप होता. आरोपपत्रात त्याच्याच एका जुन्या हिशोबाचा उल्लेख आहे: 52 क्लाउड खाती, प्रत्येकावर 20 बॉट, म्हणजे 1,040 बनावट श्रोते. प्रत्येक बॉट दिवसाला साधारण 636 गाणी वाजवणार, म्हणजे रोजचे 6,61,440 स्ट्रीम. चोवीस तासांत 636 गाणी म्हणजे एका गाण्याला जेमतेम सव्वादोन मिनिटं, आणि मधे झोप नाही, जेवण नाही. एकच गाणं लाखो वेळा वाजलं तर लगेच संशय येतो, म्हणून त्यानं यंत्रानं तयार केलेली लाखो गाणी वापरली आणि स्ट्रीम त्या सगळ्यांवर पातळ पसरवले.

ही पातळ पसरवण्याची युक्ती छोट्या कलाकारानं नीट लक्षात ठेवावी, कारण त्याच्या अडचणीचं मूळ तिथे आहे. बॉट चालवणाऱ्याला आपली खाती खऱ्या माणसांसारखी दिसायला हवी असतात. खरा माणूस एकाच कलाकाराची गाणी दिवसभर ऐकत नाही. म्हणून ज्याच्याकडून पैसे घेतलेत त्याच्या गाण्याबरोबर इतरांचीही गाणी वाजवली जातात. पैसे देणाऱ्यांची आठ-दहा गाणी एका प्लेलिस्टमध्ये टाकायची आणि आजूबाजूला भरताड म्हणून कोणाचीही पन्नास गाणी लावायची. त्या पन्नासात कोल्हापूरच्या किंवा फोंड्याच्या एखाद्या कलाकाराचं गाणं येऊ शकतं. त्यानं काहीही केलेलं नसताना.

आता नियम. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये स्पॉटिफायनं रॉयल्टीच्या पद्धतीतले बदल जाहीर केले आणि ते 2024 पासून लागू झाले. त्यातले दोन इथे महत्त्वाचे. पहिला असा की गेल्या बारा महिन्यांत ज्या गाण्याचे किमान 1,000 स्ट्रीम झालेले नाहीत, त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. त्याबरोबर किती वेगवेगळ्या श्रोत्यांनी ऐकलेलं असावं याचीही एक अट आहे, पण फसवणूक करणाऱ्यांना अंदाज येऊ नये म्हणून तो आकडा जाहीर केलेला नाही. दुसरा असा की एखाद्या महिन्यात एखाद्या गाण्याचे 90 टक्क्यांहून जास्त स्ट्रीम कृत्रिम आढळले, तर त्या गाण्यामागे त्या महिन्याचा 10 युरो दंड. हा दंड स्पॉटिफाय कलाकाराला थेट लावत नाही, लेबलला किंवा डिस्ट्रिब्युटरला लावतं. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी यांसारख्या कंपन्या म्हणजे डिस्ट्रिब्युटर. ज्याच्याकडे लेबल नाही त्याचं गाणं त्यांच्यामार्फत सगळ्या ॲपवर पोचतं. आपल्यावर आलेला दंड डिस्ट्रिब्युटर बहुधा कलाकाराच्या खात्यातून वसूल करतो.

टक्केवारीचा हा नियम वाचताना वाजवी वाटतो. दहातले नऊ स्ट्रीम खोटे म्हणजे उघड लबाडी, असंच कोणीही म्हणेल. पण आकडे मांडले की चित्र बदलतं. समजा, एका बॉट प्लेलिस्टनं महिन्याभरात एका गाण्यावर 6,000 खोटे स्ट्रीम टाकले. ज्या कलाकाराचं गाणं त्या महिन्यात खऱ्या माणसांनी 40,000 वेळा ऐकलं, त्याच्याकडे खोट्याचं प्रमाण 13 टक्के झालं. ते 6,000 मोजणीतून वजा होतील, बाकी काही बिघडणार नाही. आणि ज्याचं गाणं 400 वेळा ऐकलं गेलं, त्याचं प्रमाण जवळपास 94 टक्के. हल्ला तोच, प्लेलिस्ट तीच, दोघांचाही दोष शून्य, पण दंड एकट्या लहानाला. नवं गाणं असेल तर अजून हजाराची अट पूर्ण झालेली नसते, म्हणजे कमाई शून्य आणि दंड साधारण हजार रुपयांचा. माझ्या मते या नियमाची सर्वांत मोठी चूक हीच आहे. टक्का बघितला जातो आणि गाण्याचा पाया किती लहान आहे हे बघितलं जात नाही.

स्ट्रीम खोटा हे ओळखतात कसं, याची पूर्ण रीत कोणतीही कंपनी सांगत नाही, आणि न सांगण्याचं कारण समजण्यासारखं आहे. पण कोणत्या खुणा दिसतात हे कलाकाराला स्वतःच्या आकड्यांवरून बऱ्यापैकी कळू शकतं. त्यासाठी स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स हे मोफत खातं आपल्या नावावर घेतलेलं हवं. कित्येक कलाकार ते घेतात, पण रिलीजच्या आठवड्यानंतर उघडतच नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. कोल्हापूरच्या एका गायकानं महिन्याच्या सुरुवातीला नवं गाणं आणलं. पहिल्या दहा दिवसांत रोज पंधरा-वीस वेळा ते ऐकलं जातंय. ऐकणारे कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबईतले, आणि एक-दोघं दुबईतले, कारण त्याची मावसबहीण तिकडे आहे. अकराव्या दिवशी आकडा एकदम 900 वर जातो. आनंद होणं स्वाभाविक आहे, पण त्याच क्षणी त्यानं चार गोष्टी बघायला हव्यात.

पहिली, शहरं. वरच्या यादीत अचानक असं शहर आलंय का, जिथे मराठी गाणं ऐकणारं कोणी असण्याचं कारणच नाही? दुसरी, श्रोते आणि स्ट्रीम यांचं नातं. नव्या गाण्याला एक श्रोता सहसा दोन-तीनदा ऐकतो, फार आवडलं तर थोडं अधिक. आठवड्यात 6,000 स्ट्रीम आणि श्रोते मात्र 120, म्हणजे माणशी पन्नास, हे माणसांचं ऐकणं नाही. तिसरी, गाणं सेव्ह किती जणांनी केलं आणि फॉलोअर किती वाढले. हजारो वेळा वाजलेलं गाणं तीनच जणांनी स्वतःच्या संग्रहात ठेवलं असेल, तर ऐकणाऱ्याला कान नव्हते. चौथी गोष्ट मला सर्वांत उपयोगी वाटते, ती म्हणजे स्ट्रीम कुठून आले. श्रोत्याच्या स्वतःच्या संग्रहातून, कलाकाराच्या पानावरून, स्पॉटिफायच्या शिफारशींतून आणि इतर लोकांच्या प्लेलिस्टमधून असे वेगवेगळे उगम तिथे दाखवलेले असतात. जवळपास सगळंच शेवटच्या उगमातून येत असेल, तर त्या प्लेलिस्टचं नावही तिथेच सापडतं.

ती प्लेलिस्ट उघडून बघावी. तिचं नाव बहुधा कुठल्याही गाण्याला लागू पडेल असं गुळमुळीत असतं. आत पंजाबी रॅपनंतर जर्मन पियानो, त्यानंतर ब्राझीलचं नृत्यसंगीत आणि मग आपल्या गायकाचं भावगीत. खऱ्या माणसानं आवडीनं जमवलेल्या यादीला काहीतरी धागा असतो, आणि या यादीला तो नसतो. प्लेलिस्टचे फॉलोअर एका रात्रीत हजारोंनी वाढलेले दिसतात. हा इतिहास चार्टमेट्रिकसारख्या सेवांवर बघता येतो.

असं दिसलं तर त्याच दिवशी कामाला लागावं, ई-मेल येण्याची वाट बघू नये. शहरांचे, उगमांचे आणि रोजच्या आकड्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवावेत, कारण खोटे स्ट्रीम वजा झाले की आकडे बदलतात आणि नंतर दाखवायला काही उरत नाही. संशयास्पद प्लेलिस्टची तक्रार करायला कलाकारांसाठी स्पॉटिफायच्या मदत पानांवर अर्ज आहे, तो भरावा. प्लेलिस्ट ज्याची असते, तिच्यात गाणी ठेवणं-काढणं त्याच्या हातात असतं, म्हणून तक्रारीशिवाय दुसरा सरळ रस्ता नाही. प्लेलिस्टवाल्याला स्वतः मेसेज करून गाणं काढायला सांगण्यात अनेकांची फसगत होते. तो काढून टाकण्यासाठीही पैसे मागू शकतो, आणि तो व्यवहार पुढे कलाकाराच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकतो.

त्याचबरोबर डिस्ट्रिब्युटरला लेखी कळवावं. पत्र लहान हवं आणि त्यात रडगाणं नको. गाण्याचं नाव, त्याचा आयएसआरसी क्रमांक, आकडा वाढायला लागल्याची तारीख, प्लेलिस्टची लिंक, स्पॉटिफायकडे केलेल्या तक्रारीची तारीख, आणि एक स्पष्ट वाक्य: मी कोणालाही स्ट्रीमसाठी पैसे दिलेले नाहीत. आयएसआरसी म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा बारा अक्षरांचा कायमचा ओळख क्रमांक. गाणं ओळखण्यासाठी कंपन्या नावापेक्षा याच क्रमांकाचा वापर करतात. आधी कळवल्यानं दंड टळेलच असं नाही. पण खातं बंद करायचं की नाही हे ठरवणाऱ्या माणसासमोर कलाकारानं स्वतःहून आधीच कळवलेलं असणं आणि ई-मेल मिळाल्यावर खुलासा करणं यात फरक पडतो.

आणखी एक गोष्ट गणितातूनच निघते. 6,000 खोट्या स्ट्रीमचं प्रमाण 90 टक्क्यांवर यायला त्या महिन्यात सुमारे 670 खरे स्ट्रीम लागतात. आपल्या गायकाकडे 400 आहेत. म्हणजे महिना संपायच्या आत त्याला आणखी पावणेतीनशे खरी ऐकणी मिळाली, तर गाणं दंडाच्या रेषेखाली जातं. कॉलेजच्या ग्रुपवर, गावच्या मंडळात, आपल्या कार्यक्रमाला आलेल्या लोकांना थेट लिंक पाठवून हे जमण्यासारखं आहे. बॉट थांबले नसतील तर हा हिशोब पुरा पडणार नाही, हे खरं. पण ज्याचा खरा श्रोतृवर्ग महिन्याला हजाराच्या घरात आहे, त्याला एखाद्या भटक्या प्लेलिस्टमुळे दंड होणं बरंच अवघड असतं.

लिंक पाठवताना एक सावधगिरी हवी, आणि इथेच आपल्याकडचे पुष्कळ कलाकार नकळत नियम मोडतात. "रात्रभर आवाज बंद करून लूपवर लावून ठेवा" असं मित्रांना सांगणं म्हणजे कृत्रिम स्ट्रीमच मागणं. त्याचे ठसे यंत्रासारखेच दिसतात. "गाणं ऐका, स्क्रीनशॉट पाठवा, भाग्यवान विजेत्याला इअरफोन" हेही चालत नाही. आकडा वाढवण्यासाठी बॉट वापरायला स्पॉटिफायचे नियम मनाई करतात, तशीच कोणत्याही स्वरूपाचा मोबदला द्यायला किंवा घ्यायलाही करतात. पैसे घेऊन प्लेलिस्टमध्ये गाणं टाकणंही त्यात येतं. म्हणून "दहा हजार स्ट्रीमची गॅरंटी, फक्त 999 रुपयांत" असा इन्स्टाग्रामवरचा मेसेज कितीही सभ्य भाषेत असला तरी त्याचा अर्थ एकच. ऐकणं माणसाच्या मर्जीवर असतं, त्याची गॅरंटी कोणालाच देता येत नाही. आकड्याची गॅरंटी देणाऱ्याच्या हातात बॉटच असणार. "आम्ही बॉट वापरत नाही, सगळे ऑरगॅनिक" हे वाक्य तर असे सगळेच लिहितात. दिलेले 999 रुपये परत मिळत नाहीत, हे नुकसान त्यातलं सर्वांत छोटं.

प्रसिद्धीसाठी पैसे खर्चच करायचे असतील तर ते माणसांपर्यंत पोचण्यासाठी करावेत. इन्स्टाग्रामवरची जाहिरात महाराष्ट्र, गोवा आणि जिथे मराठी माणसं आहेत अशा ठिकाणांपुरती ठेवता येते. जाहिरात बघून कोणी गाण्यापर्यंत आलं तर त्यानं स्वतःच्या मर्जीनं ऐकलेलं असतं. खर्चाशिवायचा मार्गही आहे. रिलीजच्या किमान सात दिवस आधी स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून गाणं त्यांच्या संपादकांकडे पाठवलं, की संपादकीय प्लेलिस्टमध्ये निवड होवो न होवो, फॉलोअरांच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते येतं. रात्री बाराला गाणं तयार करून सकाळी चढवणाऱ्यांची ही संधी दर वेळी हुकते.

गाणं काढून टाकलं गेलंच, तर लगेच दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे जाऊन ते पुन्हा चढवण्याचा मोह टाळावा. स्ट्रीम वजा होणं, दंड होणं, गाणं निघणं आणि खातंच बंद होणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि आपण कोणत्या पायरीवर आहोत हे आधी विचारून घ्यावं. गाणं स्पॉटिफायनं काढलं की डिस्ट्रिब्युटरनं, हेही विचारावं. डिस्ट्रिब्युटरनं स्वतःच्या धोरणानुसार काढलं असेल तर खुलाशानं ते परत येण्याची शक्यता असते. निर्णय स्पॉटिफायच्या मोजणीवर उभा असेल, तर ती मोजणी बदलणं डिस्ट्रिब्युटरच्या हातात नसतं आणि मदतकक्षातला माणूस तेच उत्तर पुन्हा पुन्हा देत राहतो. ज्या ॲपवर तक्रार नाही तिथलं गाणं तरी ठेवा, अशी मागणी अशा वेळी जरूर करावी, कारण काही डिस्ट्रिब्युटर एका ठिकाणच्या तक्रारीवरून गाणं सगळीकडूनच उतरवतात.

पुढे कधी गाणं दुसरीकडून आणायचं ठरलं तर जुनाच आयएसआरसी, तीच ऑडिओ फाइल आणि तीच माहिती द्यावी लागते. तसं केलं तर आधीची खरी स्ट्रीमसंख्या आणि लोकांच्या संग्रहातली जागा परत मिळण्याची शक्यता राहते. कित्येकांकडे हा क्रमांक लिहिलेलाच नसतो. खातं बंद झालं की तो बघायलाही मिळत नाही. म्हणून रिलीजच्याच दिवशी गाण्याची मूळ फाइल, मुखपृष्ठाचं चित्र, आयएसआरसी, अल्बमचा यूपीसी आणि कराराची प्रत हे सगळं एका फोल्डरमध्ये आपल्याकडे ठेवावं.

डिस्ट्रिब्युटर निवडताना तरुण कलाकार वर्षाची फी किती आणि रॉयल्टीतला वाटा किती, एवढंच विचारतात. त्यापेक्षा करारातली कृत्रिम स्ट्रीमिंगची कलमं वाचावीत. दंड कोणाकडून वसूल होतो, गाणं काढण्याआधी सूचना मिळते का, एका गाण्याच्या तक्रारीवरून बाकीच्या गाण्यांची जमा रॉयल्टीही अडकवून ठेवता येते का, आणि अशी किती प्रकरणं झाली की खातं बंद होतं. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं कंपनीगणिक वेगळी असतात. माझी मागणी एवढीच आहे की आरोप करताना त्या तारखा आणि त्या प्लेलिस्टचं नाव कलाकाराला द्यावं. ओळखण्याची रीत गुप्त ठेवा, पण ज्याच्यावर ठपका ठेवला त्याला तो कशाबद्दल आहे हे कळू द्या. एवढं कळलं तर निर्दोष माणूस निदान तक्रार योग्य जागी करू शकेल.

दंडाचा हिशोब महिन्यागणिक होतो. गेल्या महिन्यात 94 टक्के लागलेल्या गाण्याची पुढच्या महिन्याची मोजणी नव्यानं सुरू होते, आणि ती प्लेलिस्ट अजून चालू असेल तर तोच दंड पुन्हा लागू शकतो. त्यामुळे पहिल्या ई-मेलनंतरचे काही महिने दर दोन-तीन दिवसांनी उगमांचा तक्ता उघडून बघायचा आणि ते नाव पुन्हा दिसलं की त्याच दिवशी नवी तक्रार नोंदवायची.